अनुभव धागा : 'थोडा वेळ दे ना' हे तुम्ही जोडीदाराला कसं लिहिलंत?

जुईचा_वेल
नवऱ्याचे क्लायंट अमेरिकेतले. रात्री साडेअकराला कॉल संपतात आणि मी पावणेसातला शाळेत जायला निघते. एका घरात राहून आम्ही एकमेकांना जास्त करून झोपलेलंच बघत होतो.

पहिला मेसेज मी रविवारी रात्री रडत रडत लिहिला : "तुला घरापेक्षा ऑफिस महत्त्वाचं आहे. नेहमीच." उत्तर आलं, "नंतर बोलू." ते 'नंतर' काही आलं नाही. चूक माझीही होती. त्या वाक्यावर त्याने करायचं काय? भांडायचं, नाहीतर गप्प बसायचं.

महिन्याभराने दुसरा पाठवला, तो दुपारी, त्याचे कॉल सुरू व्हायच्या आधी :

"काल तू झोपायला आलास तेव्हा मी जागी होते, फक्त बोलले नाही. राग नाहीये रे, तुझी आठवण येते. गुरुवारी तुझा पहिला कॉल साडेपाचला असतो ना? मी अडीचला घरी येते. तीन ते पाच माझ्यासाठी ठेवशील? कुठे जायला नको, चहा आणि गप्पा. गुरुवार नसेल जमत तर दिवस तू सांग."

दहा मिनिटांत उत्तर : "कॅलेंडरला ब्लॉक केलं." (रोमँटिक माणूस!) नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली, कॉल साडेसहावर गेला आणि आमचा गुरुवार तासाने वाढला. रात्रीचे कॉलही तासभर लांबले, हे वेगळं. मार्चात सगळं परत जागेवर.

तुम्ही असं काही पाठवलं असेल किंवा तुम्हाला आलं असेल, तर जमेल तसं शब्दशः लिहा.

बाळूमामा७२
लवकर घरी सोडावं म्हणून साहेबांना अर्ज करायचा असेल तर मराठीत करावा की इंग्रजीत? माझा मुलगा विचारतोय.

जुईचा_वेल
काका, हे साहेबांना नाही, घरच्यांना लिहायचं आहे :)

स्पष्टवक्ता
एका घरात राहून मेसेज कशाला? समोर बसून बोला. लिहिलेल्यात सूर कळत नाही.

ऊसाचं_रान
समोर बसायला माणूस घरात पाहिजे की! आमचे हे साखर कारखान्यात लॅबला. गळीत हंगाम सुरू झाला की चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार, अशी पाळी फिरत राहते. जुईताई, तुमच्यासारखा ठरलेला वार मी मागितला होता. पहिल्या आठवड्यात जमलं, दुसऱ्यात पाळी बदलली, ह्यांना वाटलं मी मुद्दाम अडवून धरते.

मग वार सोडला आणि पाळी धरली : "अहो, पहाटे चारची पाळी असेल त्या आठवड्यात दुपारी निवांत झोपा, मी उठवणार नाही. पण उठल्यावर एक दिवस संध्याकाळी मळ्यापर्यंत चालत जाऊया, दोघंच. फोन घरी." फोनचं मात्र जमलं नाही. मिलमध्ये काही अडलं की बोलावणं येतंच. आता फोन बरोबर असतो, पण माझ्या पिशवीत.

आणि स्पष्टवक्ता, सुराचं म्हणताय ते खरं आहे. "जमलं तर बघा" एवढंच लिहिलं होतं एकदा, तर ह्यांना टोमणा वाटला.

ताळेबंद
मी दुसऱ्या बाजूचा. सीए आहे. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटमुळे घरी फक्त आंघोळीला येतो असं बायको म्हणते. २०२५ मध्ये तिला शब्द दिला होता, "३० तारीख होऊ दे, मग चार दिवस तुझेच." मुदत आधी ३१ ऑक्टोबर झाली, मग १० नोव्हेंबर. सगळे क्लायंट निवांत झाले आणि कागद आणखी उशिरा द्यायला लागले. तिचा मेसेज आला :

"सरकारने तुझी मुदत वाढवली, माझी कोणी वाढवली नाही. चार दिवस राहू देत. उद्या रात्री नऊला जेवायला ये, मी थांबते. दहाला परत गेलास तरी चालेल."

शेवटच्या वाक्याने मी गेलो, खरं सांगतो. पूर्ण संध्याकाळ मागितली असती तर "बघतो" म्हटलं असतं. दहाला परत ऑफिसला गेलोही. ते चार दिवस अजून द्यायचे आहेत, तो विषय ती काढत नाही. त्याचीच जरा धास्ती वाटते.

स्पष्टवक्ता
ताळेबंद, मग ते चार दिवस तुम्हीच काढा की. मेसेज करून.

ओपीडी_नंतर
बायको नर्स आहे. जुईसारखाच मेसेज केला होता, वेळेसकट. उत्तर आलं, "त्या दोन तासांत मला फक्त झोपायचंय, सॉरी." आता मी काय मागू, ते समजत नाही. सध्या ती झोपते तेव्हा मी शेजारी बसून पेपर वाचतो.

ऊसाचं_रान
दादा, ते तिला कळतं का? विचारा एकदा.