शब्दचर्चा : 'भेटू कधीतरी'मधलं 'भेटू' नेमकं कोणतं?

मांजराकाठ :
मूळचा लातूरचा, सध्या नोकरीला छत्रपती संभाजीनगरात. खात्याच्या प्रशिक्षणात एका बाईंची ओळख झाली. वय माझ्याएवढंच, दुसऱ्या कार्यालयात आहेत. प्रशिक्षण संपल्यावरही व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं चालू आहे, तेही नुसतं 'शुभ सकाळ' नाही. परवा त्यांनी स्वतःहून त्यांच्या मांजराचा फोटो पाठवला. मी तीनदा लिहिलं, 'भेटू कधीतरी कॉफीला'. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'हो नक्की, बघू'. तीन आठवडे झाले. मला शब्दांचं कळून घ्यायचंय. यात होकार आहे की नकार? आणि माझ्याच वाक्यात काही खोट आहे का?

टपरीचा बाकडा :
खोट 'कॉफी'त आहे. आपल्याकडं कॉफी उपवासाला नाहीतर आजारी माणसाला. चहा म्हणा. आणि 'कॉफी घेऊ' हे इंग्रजीवरून उचललेलं आहे, मराठीत चहा-कॉफी पितात. 'हाटेलात बसू, च्या पिऊ' म्हणलं की पोरगं असो की पोरगी, लगेच येतंय.

गोदाकाठची :
बाकडेभाऊ, चहाचं तुमचं अर्धं पटलं. 'घेऊ'चं नाही पटत. 'चहा घेणार का?' हे घराघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्याला इंग्रजी लागत नाही. पाहुण्याला आपण 'चहा घ्या' म्हणतो आणि घरातल्या पोराला 'दूध पी' म्हणतो. 'घेणे'त थोडं अंतर आहे, अदब आहे. नुकत्या ओळखीच्या माणसाला तेच शोभतं.

आता मांजराकाठ यांचा प्रश्न. मी नांदेडला मराठी शिकवते, म्हणून जरा लांबवते. खोट 'कॉफी'त नाही, 'भेटू'त आहे. मराठीत 'आम्ही उद्या भेटू' हा भविष्यकाळ आणि 'चला, भेटू' हा प्रस्ताव, दोन्हींचं रूप एकच. त्यात तिसरा उपयोग भरीला आहे, निरोपाचा. आपण दारातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तसंच फोन ठेवताना 'भेटू मग' म्हणतो. त्या 'येतो'वर कुणी 'कधी येतोस?' विचारत नाही. तुमचं 'भेटू कधीतरी' त्या बाईंनी निरोप म्हणून वाचलं आणि निरोपाला निरोपानंच उत्तर दिलं. नकार त्यांनी दिलाच नाही, कारण तुम्ही काही विचारलंच नव्हतं.

मांजराकाठ :
मग 'नक्की'चं काय? त्या 'नक्की' म्हणाल्या की.

गोदाकाठची :
'नक्की' कुठं बसलंय ते बघा. होकाराच्या शेपटीला लागलं की त्याचं वजन जातं. 'हो नक्की', 'नक्की येतो', लग्नपत्रिका हातात घेताना सगळेच म्हणतात. तोच शब्द प्रश्नात घातला की धारदार होतो. 'नक्की कधी?' म्हटल्यावर समोरच्याला दिवस सांगावाच लागतो. म्हणूनच तो प्रश्न पहिल्या भेटीआधी मी टाकणार नाही. उलटतपासणी वाटते.

बीडकर भाऊ :
माझं ऐका. शब्द सांभाळा लई. ऑफिसात एक सहकारी होते, त्यांना सहज म्हणलं, 'रविवारी चहापाण्याला येतो घरी.' तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि त्यांना एक लहान बहीण होती, हे माझ्या डोक्यातच नाही. गेलो तर घर झाडून-पुसून लख्ख, पोह्यांच्या बशा मांडलेल्या, त्यांचे दोन मामा सतरंजीवर बसलेले. मला पगार विचारला, शेती विचारली. मी एकटाच, शर्टाचं एक बटण तुटलेलं. पोहे खाऊन आलो. पुढं काय झालं ते सांगत नाही, पण ते सहकारी वर्षभर नीट बोलले नाहीत. मांजराकाठ, तुम्हाला स्थळ बघायचं असेल तर सरळ मोठ्या माणसाला मध्ये घाला.

मांजराकाठ :
भाऊ, स्थळ नाही हो. कॉफी.

गोदाकाठची :
भाऊंनी प्रश्न वेगळाच धरला, पण दाखला कामाचा दिला. 'चहापाणी', 'चहापोहे' हे शब्द आपल्याकडं मोकळे राहिलेले नाहीत. एक लग्नाला बांधला गेलाय, दुसरा टेबलाखालच्या पाकिटाला. बाकडेभाऊंचा नुसता 'चहा' त्या मानानं स्वच्छ आहे. पण बाईमाणसाला टपरीच्या बाकड्यावर बोलवायचं का, हा शब्दाबाहेरचा प्रश्न आहे. संभाजीनगरात कॅनॉटला किंवा निराला बाजारात दोघं कॉफी पीत बसले तर कुणी मान वळवून बघत नाही. तालुक्याच्या गावी त्याच कॉफीचे चार अर्थ निघतात.

येरवाळी :
वेळेच्या शब्दांवर कुणी बोललं नाही अजून. माझं नावच घ्या. लहानपणी आजी म्हणायची, 'येरवाळी ये', म्हणजे उशीर न करता, उजेडातच ये. हेच मी पुण्याच्या मैत्रिणीला लिहिलं, तिला वाटलं हे एखाद्या गावाचं नाव. तशीच 'परवा'ची गंमत. मांजराकाठ यांनी वर 'परवा फोटो पाठवला' लिहिलंय, तो होऊन गेलेला परवा. 'परवा भेटू' म्हणाल तर यायचा परवा. क्रियापद लागलं तर ठीक, पण नुसतं 'परवा?' असा मेसेज टाकला की झाला घोळ. 'पुढच्या शनिवारी' तर सगळ्यात वाईट. बुधवारी बोलताना कुणाला तीन दिवसांनंतरचा वाटतो, कुणाला दहा. 'या शनिवारी' म्हणून पुढं तारीख घालायची.

आणि 'पाचेक वाजता' म्हणू नका. त्या शेवटच्या 'एक'मध्ये अर्धा तास मागं-पुढं बसतो. घरच्यांना चालतं, पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला ताटकळावं लागतं.

मांजराकाठ :
बरं. मग हे कसं वाटतंय? 'या शनिवारी, १४ तारखेला संध्याकाळी पाच वाजता कॅनॉटला आपण कॉफी घेऊ. मी पाजतो.'

गोदाकाठची :
दिवस, वेळ, जागा तिन्ही आली, चांगलं झालं. पण आता दार बाहेरून कडी घातल्यासारखं झालंय. 'आपण घेऊ' यात त्यांनाही धरून तुम्ही ठरवून मोकळे झालात. त्यांना नाही म्हणायचं तर तुमचा बेत मोडावा लागतो. तिथं 'जायचं का?' करा. 'जायचं'मध्ये कर्ता पुढं येत नाही, नुसती इच्छा विचारली जाते. आणि 'जमेल का?' जोडा. मराठी माणसाला नकारासाठी जी सगळ्यात सोयीची जागा लागते ती 'जमणे'मध्ये आहे. 'मला यायचं नाही' म्हणणं कठीण. 'मला नाही जमणार' म्हटलं की दोष दिवसाचा, वेळेचा. ही पळवाट तुम्ही आधीच ठेवून दिलीत तर समोरचा माणूस मोकळेपणानं होही म्हणतो.

'पाजतो' काढा. मित्राला 'च्या पाज की' म्हणतात ते ठीक, पण इथं त्यानं तुम्ही यजमान होता आणि त्या उपकाराखाली येतात. बिलाचं काय ते टेबलावर बघा.

टपरीचा बाकडा :
'जमेल का' पेक्षा 'चालेल का' बरं नाही का? हलकं वाटतं.

येरवाळी :
मला 'चालेल'चा राग आहे. आमच्याकडं भाजीत मीठ कमी पडलं तरी 'चालेल' म्हणतात. त्या 'चालेल' म्हणाल्या तर यायचंय म्हणून की नाइलाज म्हणून, हे कसं कळणार?

गोदाकाठची :
शब्दावरून कळणार नाही, मान्य. 'आवडेल' हे उत्तर स्पष्ट असतं, पण आपल्याकडं ते पटकन तोंडी येत नाही, भाषांतरित वाटतं. निदान मला वाटतं.

येरवाळी :
माझी भाची सर्रास म्हणते 'आवडेल की', आणि तिच्या तोंडी ते मराठीच वाटतं.

मांजराकाठ :
पाठवला. शेवटी असा : 'या शनिवारी, १४ तारखेला संध्याकाळी पाचला कॅनॉटला कॉफीला जायचं का? तासभर. जमत नसेल तर निःसंकोच सांगा.' मग गप्प बसलो. निळी खूण दिसली, उत्तर नाही. पुन्हा 'येऊ राहिले का?' लिहायला बोट शिवशिवतंय.

गोदाकाठची :
ते लिहू नका. तुमचं जालन्या-संभाजीनगराकडचं 'येऊ राहिले का' काय किंवा आमच्याकडचं 'येलालाव का' काय, दोन्ही चालू क्रिया सांगतात, म्हणजे माणूस निघालाय असं धरून चालतात. ठरल्यावर, त्या दिवशी पावणेपाचला शोभतं. ठरायच्या आधी तगादा वाटेल.

उत्तर आलं की त्यातलं एकच बघा, समोरून काही नवं आलं का. 'बघते', 'सांगते', 'कळवते' यातलं काही आलं आणि पुढं रिकामं असलं, तर वाट बघा आणि परत विचारू नका. 'बघू'मध्ये तुम्हीही असता, 'बघते'मध्ये त्या एकट्याच. तिथं दार थोडं लोटलेलं असतं. 'शनिवारी नाही, पण' असं आलं, तर तो नकार शनिवारला आहे.

बीडकर भाऊ :
आणि 'कळवते' म्हणून खरंच कळवणारे पण असतात, मॅडम. माझी बायको त्यातलीच. मला अकरा दिवसांनी कळवलं होतं.

गोदाकाठची :
भाऊ, तुमच्या घरचा अपवाद कबूल.

मांजराकाठ :
उत्तर आलं, रात्री साडेनऊला. 'शनिवारी आईला दवाखान्यात न्यायचंय. रविवारी सकाळी साडेदहाला जमेल का? कॅनॉट चालेल.' 'जमेल' पण आलं आणि 'चालेल' पण.

येरवाळी :
'जमेल का' त्यांनी तुम्हाला विचारलंय आणि 'चालेल' जागेला म्हणलंय. ते 'चालेल' मी माफ केलं. आता फार लिहू नका. 'हो, रविवारी १५ला साडेदहा' एवढंच, दिवस-वेळ परत एकदा यावी म्हणून.

मांजराकाठ :
रविवारी रात्री लिहितोय. भेटलो. तासभर म्हणलं होतं, पावणेदोन तास बसलो. बिल त्यांनी अर्धं ओढून घेतलं, 'आपापलं' म्हणाल्या. तिसऱ्या की चौथ्या वाक्यापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते तिच्याकडून झालं, मी आधी केलं नाही. निघताना म्हणाली, 'कॉफी कडू होती रे. पुढच्या वेळी चहा. भेटू.'
ताई, हे 'भेटू' कोणतं?

टपरीचा बाकडा :
ते नंतर बघा. चहा म्हणली ना? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गोदाकाठची :
'पुढच्या वेळी' आलंय, 'कधीतरी' नाही. पण दिवस आला का?

मांजराकाठ :
नाही.