उचलीचा हप्ता आणि पगारखर्च

"हप्ता कापून हातात दिला तेवढाच पगार खर्चात टाकला तर चालेल ना?"

नाही चालणार. हिंगण्याच्या एका कारखान्यात हेच झालेलं मी निस्तरलंय. कामगाराचा मूळ पगार १४,०००, उचल १२,०००, हप्ता २,०००. नोंद व्हायची १२,०००ची, त्यामुळे पीएफ १,६८० ऐवजी १,४४०च कापला जायचा. सहा हप्ते फिटले तरी उचल खात्यात १२,००० तसेच उभे, आणि बिचाऱ्याकडे पुन्हा वसुली मागितली! फार वाईट वाटलं.

उचल देताना त्याचं उचल खातं नावे, बँक जमा; तो खर्च नाही, येणं आहे. पगाराला मात्र पूर्ण १४,००० खर्चात नावे टाका. त्यातून १,६८० पीएफ देय खात्यात, २,००० उचल खात्यात जमा, इतर कपात नसेल तर १०,३२० देय पगार. उरलेली उचल दर महिन्याला पगारचिठ्ठीवर छापा. चूक झाली तर कामगारच आधी सांगतो.