शब्दचर्चा: 'धन विचलन' म्हणजे नक्की कशाचं धन?

मेधा_व: मुलीला बारावीचं रसायनशास्त्र मराठीतून समजावताना एका शब्दापाशी अडले. द्रवांच्या मिश्रणात रेणूंमधलं आकर्षण कमी झालं की त्याला 'धन विचलन' म्हणायचं, आणि वाढलं की 'ऋण विचलन'. हे उलटं नाही का? ती म्हणते, "आई, जास्त ओढ आणि ऋण?" मला उत्तर सुचलं नाही.

दिगंबर_सर: मेधाताई, धन-ऋण हे आकर्षणाचं नाहीच, बाष्पदाबाचं, म्हणजे द्रवातून निघणाऱ्या वाफेच्या दाबाचं आहे. राउल्टच्या नियमाने (फ्रेंच उच्चार 'राऊल', पण आपल्याकडे 'राउल्ट'च रुळला) घटकांच्या प्रमाणानुसार जो बाष्पदाब यायला हवा, त्याहून प्रत्यक्षात जास्त भरला तर धन, कमी भरला तर ऋण. खतावणीत शिल्लक आणि देणं असतं ना, तसंच. ब्रह्मगुप्ताने 628 साली हे दोन शब्द गणितात वापरले, तेही याच अर्थाने.

एक उदाहरण देतो. 35 अंश सेल्सिअसला ॲसिटोनचा बाष्पदाब सुमारे 344 मिमी पारा आणि क्लोरोफॉर्मचा 293. दोन्हींचे रेणू समसमान घेतले तर नियमाने मधोमध, म्हणजे 318 च्या आसपास यायला हवा. येतो 255 च्या जवळपास. त्रेसष्टच्या आसपासचा तोटा. कारण क्लोरोफॉर्मच्या हायड्रोजनची इलेक्ट्रॉनं तीन क्लोरीननी ओढून घेतलेली असतात. तो ॲसिटोनच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. एकट्या क्लोरोफॉर्मला असा ऑक्सिजन मिळत नाही आणि एकट्या ॲसिटोनकडे असा हायड्रोजन नसतो. म्हणून ही जोडी एकत्र आल्यावरच जमते, आणि रेणू वाफ होऊन सुटायला नाखूश असतात.

आता त्याच ॲसिटोनमध्ये क्लोरोफॉर्मऐवजी कार्बन डायसल्फाइड घाला. त्याचा बाष्पदाब 512, म्हणजे मधला आकडा 428. प्रत्यक्षात साडेसहाशेच्या जवळपास! ॲसिटोनचे रेणू आपापसांत बरे ओढून धरत होते. मध्ये हा परका शिरला, ओढ सैल झाली, दोघेही भराभर उडू लागले.

सुनील७१: प्रमाण विचलन काढताना वर्गमूळ घेतात ना? मग ते ऋण कसं येईल?

मेधा_व: सुनीलदादा, ते संख्याशास्त्रातलं. इथे फक्त वाट सोडून वर किंवा खाली जाणं एवढाच अर्थ आहे.

सुनील७१: अच्छा. शब्द एकच, घरं दोन.

ऋतुजा_भौतिकी: सोपी खूण सांगते. मिश्रण गरम झालं आणि आकारमान घटलं तर ऋण. थंड झालं आणि आकारमान वाढलं तर धन. बाष्पदाब मोजायची गरजच नाही.

दिगंबर_सर: ऋतुजा, तुझी खूण ॲसिटोन-क्लोरोफॉर्मला चालते, मिश्रण खरंच गरम होतं. (कुणी घरी करून पाहू नये. त्यात अल्कली गेली तर स्फोटही होतो.) पण अल्कोहोल आणि पाणी घे. 50 मिली आणि 50 मिली मिसळले तर 100 भरत नाहीत, 96-97 भरतात, आणि भांडं हाताला कोमट लागतं. तुझ्या खुणेने ऋण. तरी बाष्पदाब नियमापेक्षा जास्तच येतो. म्हणजे धन.

ऋतुजा_भौतिकी: हे कसं? आकर्षण वाढलंय म्हणून तर उष्णता निघाली ना?

कारखाना_वाला: सर म्हणतात ते आम्ही रोज भोगतो. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होतो. कॉलम कितीही उंच करा, साध्या दाबाला वजनाने 95.6 टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल जात नाही. शुद्ध अल्कोहोल 78.3 अंशाला उकळतं आणि हे मिश्रण 78.2 ला, त्यामुळे वर चढते ती वाफ त्याच मिश्रणाची. उरलेलं पाणी काढायला पाणी शोषून घेणारे मॉलिक्युलर सीव्ह वगैरे लागतात. आम्ही त्याला 'अडलेलं स्पिरिट' म्हणायचो. धन-बिन कुणी म्हणत नव्हतं.

दिगंबर_सर: 'अडलेलं स्पिरिट' झकास! ऋतुजा, बाष्पदाब एकट्या उष्णतेवर ठरत नाही. रेणू किती मोकळे मांडले जातात, तेही धरावं लागतं. पाण्याचे रेणू अल्कोहोलच्या कार्बनी शेपटीभोवती जरा शिस्तीत बसतात, असं म्हणतात. ती शिस्त इतकी महाग पडते की उष्णतेतला फायदा बुडतो. ही शिस्त नेमकी कशी असते, यावर मात्र जाणकारांचंही एकमत नाही.

ऋतुजा_भौतिकी: म्हणजे पुस्तकातलं 'कमी ओढ म्हणजे धन' हेही अर्धवटच.

दिगंबर_सर: सल्फाइडला चपखल, अल्कोहोल-पाण्याला अपुरं.

मेधा_व: लेकीला वाचून दाखवलं. म्हणाली, 'धन विचलन' ऐवजी 'बाष्पाधिक्य' आणि 'बाष्पन्यून' का नाही म्हणत? निदान कशाचं धन ते तरी कळेल.

कारखाना_वाला: 'बाष्पन्यून' काही माझ्या जिभेवर बसत नाही.