रोख भरणा आणि पावत्यांचा मेळ

"संस्थेच्या पासबुकात एका दिवशी १८,४०० रोख भरल्याची नोंद आहे, पण तेवढ्या रकमेची देणगीची पावतीच नाही. कशाशी जुळवू?"

रकमेवरून शोधू नका, पावती क्रमांकावरून शोधा. एक रोख भरणा म्हणजे बऱ्याच पावत्यांची बेरीज असते. मागच्या भरण्यात २१० पर्यंतच्या पावत्या आल्या असतील, तर २११ पासून पुढच्या फक्त रोखीच्या पावत्या घ्या. समजा, २३६ पर्यंतची बेरीज १९,४०० आली. हजाराचा फरक कधी रद्द पावतीत असतो (तिची मूळ प्रत पुस्तकातच हवी), कधी चेकची पावती रोखीत धरल्यामुळे. पण बहुतेक वेळा कुणीतरी भरण्याआधीच त्या पैशातून खर्च केलेला असतो. व्हाउचर मागा, आणि देणगी पूर्ण १९,४०० जमा दाखवून खर्च वेगळा लिहा. वजाबाकी करून नोंद करू नका.

भरणाच बेरजेपेक्षा जास्त निघाला, तर कुणाची तरी पावती फाडायची राहिली आहे किंवा दानपेटीतले पैसे त्यात मिसळले आहेत. पेटीचं मोजणीपत्रक काढून बघा.

ऑनलाइन आलेल्या अनोळखी रकमेची पावती मात्र अंदाजाने कुणाच्या नावे फाडू नका. व्यवहार क्रमांक देऊन बँकेकडे चौकशी करा, तोवर ती रक्कम उचंत खात्यात राहू द्या.