मदत हवी आहे: वजीर असून एकट्या प्याद्यासमोर डाव बरोबरीत कसा सुटतो?

अडीच_घर
काल ऑनलाइन डाव होता. शेवटी माझ्याकडे वजीर, समोरच्याकडे फक्त एक प्यादं, सातव्या रांगेत. शह देत देत शेवटी ते प्यादंही मारलं, आणि त्याच क्षणी स्क्रीनवर "बरोबरी"! अ‍ॅपमध्ये बग आहे का? नसेल तर मी कुठे चुकलो ते सांगा. लवकर सांगा, रात्री त्याच गड्याशी परत डाव आहे.

सुधारक
सातव्या रांगेत आहे म्हणजे आठवीला एकच पाऊल. सरळ पुढे सरकवायचं आणि दुसरा वजीर करायचा. दोन वजिरांनी मात देताना मात्र राजाला एक घर मोकळं राहील असं बघा.

अडीच_घर
@सुधारक अहो, प्यादं माझं नाही, त्याचं होतं. मी पांढरा.

निवांत
म्हणजे काळ्याची सातवी, पटावरची दुसरी रांग. आता चार गोष्टी सांगा. प्यादं कोणत्या फाईलवर? त्याचा राजा कुठे? तुमचा राजा कुठे? आणि चाल कोणाची?

अडीच_घर
माझ्या राजाचा इथे काय संबंध? वजीर आहे ना माझ्याकडे.

निवांत
सगळा संबंध तिथेच आहे.

झटपट_झटका
एवढ्या चौकशीची गरज नाही. ए, सी, एफ, एच फाईलवरचं प्यादं असेल तर बरोबरी. बी, डी, ई, जी असेल तर वजीर जिंकतो. पाठ करून टाका, विषय संपला.

अडीच_घर
बरं, डाव उघडून बघितला. प्यादं सी२, त्याचा राजा बी१, माझा राजा जी६. मी वजीर बी३ वर आणून शह दिला. तर हा पठ्ठ्या प्यादं वाऱ्यावर सोडून ए१ ला कोपऱ्यात पळाला. म्हटलं घाबरला. सी२ चं प्यादं मारलं आणि बरोबरी.

निवांत
घाबरला नाही, त्याला नेमकं ठाऊक होतं. कोपऱ्यातल्या राजाला हलायला तीनच घरं असतात: ए२, बी२ आणि बी१. सी२ वर बसलेला तुमचा वजीर ही तिन्ही धरतो. राजाला शह नाही, हलायला घर नाही, दुसरं मोहरं शिल्लक नाही. झालं स्टेलमेट. अ‍ॅप बरोबर आहे.

मारायच्या आधीची स्थिती ही, विश्लेषण बोर्डवर चिकटवून बघा:

```
8/8/6K1/8/8/1Q6/2p5/k7 w - - 0 1
```

अडीच_घर
मग न मारता दुसरं काही खेळलो असतो तर?

निवांत
त्याची पुढची चाल सी१ वर वजीर करण्याची आहे, त्यामुळे तुम्हाला श्वास घ्यायला वेळ नाही. ए३ वरून शह दिला तर राजा बी१ ला येतो. बी३ वरून परत शह द्या, तो परत कोपऱ्यात. सी३ वरून शह द्या, तरी बी१ आणि पुन्हा तेच. शह न देता राजा जवळ आणायला एक चाल घालवलीत की वजीर झाला. राजा जी६ ला असताना या स्थितीत जिंकायचा रस्ता नाही. तुम्ही तिथे चुकलाच नाहीत. जे चुकलं ते आधीच चुकलेलं होतं.

बाकी फाईलवर हे का चालत नाही ते बघा. समजा प्यादं डी२ आणि काळा राजा ई१. वजीर ई३ वरून शह देतो. राजा एफ१ ला गेला तर प्यादं गेलं, म्हणून त्याला डी१ वर, म्हणजे स्वतःच्याच प्याद्यापुढे उभं राहावं लागतं. आता प्यादं एक चाल हलू शकत नाही. तेवढ्यात पांढरा राजा एक पाऊल जवळ येतो. मग काळा राजा सी२ ला बाहेर पडतो, वजीर ई२ वरून प्यादं पिन करतो, आणखी दोनतीन शह देऊन राजाला परत डी१ वर आणतो. राजाचं आणखी एक पाऊल. असं जिना चढल्यासारखं करत राजा पोहोचतो आणि प्यादं पडतं. सी फाईलवर नेमक्या त्या क्षणी काळा राजा प्याद्यापुढे न येता कोपऱ्यात शिरतो, आणि ते फुकटचं पाऊल तुम्हाला मिळतच नाही.

झटपट_झटका
मी हेच एका ओळीत सांगितलं होतं. ए, सी, एफ, एच = बरोबरी.

लेकीची_आई
तसं असेल तर माझी मुलगी कशी हरली? तिचं प्यादं ए२ वर होतं. कोपऱ्याचं प्यादं म्हणजे बरोबरी, असं तिला शिकवलेलं, म्हणून ती निर्धास्त होती. तिचा राजा बी२ वर, समोरच्याचा राजा डी४, वजीर जी५, चाल त्याची. चार चालींत मात बसली. घरी येऊन रडली, आणि मला काही समजावता येईना, कारण मला मोहरी कशी चालतात एवढंच येतं.

झटपट_झटका
ताई, तिनेच काहीतरी चुकीचं खेळलं असणार. ए फाईलवर राजा ए१ कोपऱ्यात जाऊन बसला की वजिराने नुसतं बघत बसायचं.

निवांत
नाही, तिची चूक नाही. ही स्थिती पांढराच जिंकतो.

```
8/8/8/6Q1/3K4/8/pk6/8 w - - 0 1
```

वजीर डी२ वर शह देतो, राजा बी१ ला जातो. आता पांढरा वजीर हलवतच नाही. राजा सी३ वर आणतो आणि प्याद्याला वजीर होऊ देतो! ए१ वर वजीर झाला, तोही शह देत. पांढरा राजा बी३ ला सरकतो, आणि बघा: काळ्याचा नवाकोरा वजीर कोपऱ्यात, राजा शेजारी, पण कामाचा एकही शह नाही. जिथून शह द्यावा तिथे तो फुकट मारला जातो. पांढऱ्याचा वजीर सी२ वर यायला टपलेला आहे आणि त्यानंतरची मात थांबत नाही. पहिल्या शहाला राजा बी३ किंवा ए३ ला पळाला तर वजीर सी३ वरून शह देऊन पुढच्या चालीला ए१ वर, प्याद्यापुढेच जाऊन बसतो. कोपऱ्यात ए१ ला गेला तरी पांढरा राजा सी३ वर येतो आणि पुढच्या चालीला डी१ वर मात.

@लेकीची_आई, मुलीला सांगा की शिकवलेलं खोटं नव्हतं, अर्धं होतं. पांढरा राजा लांब असेल तर बरोबरी. इथे तो डी४ ला होता. तोच एच८ ला असता तर ती सुखाने कोपऱ्यात बसली असती.

लेकीची_आई
म्हणजे "लांब" किती? ती लगेच विचारेल.

झटपट_झटका
दोन-तीन घरं. अपवादांसाठी नियम मोडत नाहीत.

निवांत
घरं मोजून नाही चालत. प्रश्न असा विचारायचा की प्याद्याचा वजीर झाला त्या क्षणी पांढरा राजा मात द्यायला मदत करायला हजर आहे का. ए प्याद्यासाठी त्याला बी३ किंवा सी२ च्या आसपास वेळेवर यायचं असतं. सी प्याद्यासाठी हा टापू त्याहून लहान, कारण तिथे प्यादं मारलं तरी स्टेलमेट. टेबलबेसवर, म्हणजे संगणकाने सोडवून ठेवलेल्या स्थितींच्या संग्रहात, पांढरा राजा एकेका घरावर ठेवून निकाल बघा. चार मोहऱ्यांच्या सगळ्या स्थिती केव्हाच सोडवून झाल्या आहेत, सात मोहऱ्यांपर्यंत फुकट बघता येतं. तासाभरात मुलगी स्वतःच नकाशा काढेल, आणि तो माझ्या सांगण्यापेक्षा पक्का बसेल.

रेघोट्या
@निवांत सी प्याद्याचं अजून एक राहिलं. राजा बी फाईलकडे असला तरच ती गंमत. डी फाईलकडे असला तर कोपरा प्याद्याच्या पलीकडे राहतो, मध्ये सी१ ओलांडावं लागतं, आणि सी१ वर पाऊल ठेवलं की स्वतःच्याच प्याद्याची वाट अडली. तिथे पांढऱ्याला एक चाल मिळते. मी यात दोनदा हरलोय, दोन्ही वेळा "सी प्यादं म्हणजे बरोबरी" म्हणत.

निवांत
बरोबर. राजा त्या बाजूला असेल तर पांढरा राजा बराच लांबूनही जिंकू शकतो.

झटपट_झटका
मग पाठ काय करायचं? एवढ्या अटी घातल्या तर घड्याळात दहा सेकंद उरलेले असताना माणूस काय आठवणार?

रेघोट्या
दहा सेकंद उरले असतील तर तुमचाच नियम आठवावा. फक्त तो नियम आहे असं समजू नये.

इतिहासवेडा
अवांतर: मुळात स्टेलमेटला बरोबरी का म्हणायचं? समोरच्याला हलूही दिलं नाही तर तो विजयच की. आणि एक गंमत, इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात उलटाच नियम होता, जो समोरच्याचं स्टेलमेट करेल तोच हरायचा. त्या हिशेबाने अडीच_घर काल हरले असते.

अडीच_घर
दिलासा दिल्याबद्दल आभार 😑

सुधारक
इतिहासवेडा यांच्याशी सहमत. स्टेलमेटला विजय मानलं की एकट्या जादा प्याद्यावर बरेच जास्त डाव जिंकता येतील.

निवांत
आणि प्याद्याच्या अंतकाळातली निम्मी मजा जाईल. त्यासाठी वेगळा धागा काढा. @अडीच_घर, तुमचा वजीर झाला तेव्हा त्याचं प्यादं कुठे होतं? खरी चूक असेल तर तिथे.

अडीच_घर
सी३ वर. माझा वजीर जी८ ला झाला, मग त्याने सी२ केलं. पण त्याच्या आधी मी एकदा राजा एफ६ वरून जी६ ला नेला होता, विनाकारण. ती चाल प्याद्याला दिली असती तर?

रेघोट्या
तर वजीर एक चाल आधी झाला असता, आणि प्यादं सहाव्या रांगेत असताना चाल तुमची. तिथे बहुतेक वेळा वजीर जिंकतो, प्याद्यापुढे जाऊन उभा राहायला वेळ मिळतो.

निवांत
बहुतेक वेळा, हो. पण राजा प्याद्याला चिकटून असेल आणि वजिराला सोयीचा शह नसेल तर खात्री देणार नाही. तेव्हा काळा राजा कुठे होता, बी२ की बी३ की डी२?

अडीच_घर
आठवत नाही. डाव स्क्रोल करून बघायला वेळ नाही, तो ऑनलाइन आलाय.

अडीच_घर
अरे देवा, उलटं झालं. या वेळी प्यादं माझं, एच फाईलवर, आणि वजीर त्याचा. त्याचा राजा कुठे असेल तर मी वाचतो म्हणालात?

रेघोट्या
प्यादं कितव्या रांगेत? 😄

निवांत
चालू डावावर इथे कोणी सांगू नका. @अडीच_घर, डाव संपला की स्थिती टाका. दोन्ही राजांसकट.