सल्ला हवा: आयआरआर हाताने काढताना कोणते दोन दर घ्यावेत?

काटोलरोड
नमस्कार. काटोलजवळ संत्र्याची प्रतवारी करून मेण लावण्याचे छोटे युनिट उभारण्याचा आमचा विचार आहे. आज १० लाख रुपये घालायचे आहेत आणि पुढील चार वर्षांच्या अखेरीस अनुक्रमे २, ३, ४ व ५ लाख रुपये हाती येतील असा अंदाज आहे. ५ टक्क्यांनी एनपीव्ही अधिक २,१९,४७१ आला, २५ टक्क्यांनी उणे २,३८,४०० आला आणि त्यांच्या प्रमाणावरून आयआरआर १४.५९ टक्के निघाला. भागीदारांना किमान १४ टक्के हवे आहेत, तेव्हा प्रकल्प बसतो असे समजावे का?

इतवारीकर
इतका खटाटोप नको. सरासरी आवक साडेतीन लाख. १० ला ३.५ ने भागले की २.८५७ येते आणि चार वर्षांच्या वार्षिकी तक्त्यात १५ टक्क्यांखाली २.८५५ आहे. उत्तर १५ टक्के.

खतावणी
इतवारीकरांची रीत पहिला दर निवडण्यापुरती उत्तम आहे. मात्र ती दरवर्षी सारखाच पैसा येतो असे धरते. येथे मोठ्या रकमा उशिरा येतात, म्हणून खरा दर १५ च्या खालीच असणार.

आता थेट १४ टक्के लावून पाहा. चार वर्षांच्या रकमांचे आजचे मूल्य १,७५,४३९, २,३०,८४०, २,६९,९८९ आणि २,९६,०४० होते; बेरीज ९,७२,३०८, म्हणजे २७,६९२ रुपयांची तूट. आपल्या १४.५९ टक्क्यांचा फोलपणा येथेच दिसतो. १२ टक्क्यांवर एनपीव्ही अधिक २०,२०१ येतो, म्हणून:

```
12 + 2 × 20201 ÷ (20201 + 27692) = 12.84
```

संगणकावर १२.८३ येईल. दर वाढतो तसा एनपीव्ही आधी झपाट्याने आणि पुढे सावकाश उतरतो, त्यामुळे त्याची रेघ खाली झोळ घेते. दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा तिच्या वरून जाते आणि शून्याला उशिरा छेदते. अशा प्रकल्पात चूक नेहमी फुगवणारीच असते. २० टक्क्यांच्या अंतरात ती पावणेदोन टक्के झाली, २ टक्क्यांच्या अंतरात नगण्य राहिली.

मुरूमखाण
आमच्या खाणीत शेवटच्या वर्षी खड्डा बुजवण्याचा मोठा खर्च आहे. हीच रीत चालेल ना?

खतावणी
आपला प्रश्न वेगळा आहे. रोखीचे चिन्ह दोनदा बदलले की दोन दर निघू शकतात. आपल्या अपेक्षित दराने एनपीव्हीच पाहावा.

काटोलरोड
आभारी आहे. एक शंका राहिली. पैसे जूनमध्ये घालणार. आंबिया बहाराचा माल डिसेंबरच्या सुमारास निघतो आणि उधारी सुटून रक्कम मार्चमध्ये येते. मग वर्षअखेर कशी धरावी?

खतावणी
हे आधी सांगायला हवे होते! प्रत्येक आवक तीन महिने अलीकडे आणली, तर १४ टक्क्यांवरही सुमारे ४,७०० रुपये अधिक राहतात.

इतवारीकर
आणि मार्चची उधारी मेपर्यंत लांबली, तर?