चालत्या गाडीची आपोआप लागणारी कुलुपे : तुमचे अनुभव

घाटवाटा : परवा खंबाटकीच्या उतारावर कलंडलेली एक गाडी पाहिली आणि आमचा जुना प्रसंग आठवला. भोरच्या रस्त्यावर पावसात आमची गाडी हळूहळू घसरत डाव्या कुशीवर चरीत टेकली. डावीकडची दारे मातीला लागली होती, मागे वडील होते, आणि वेग घेताना लागलेली कुलुपे तशीच होती. गावकरी बाहेरून उजवीकडची दारे ओढत होते, पण ती उघडेनात. वडील आतून खटका ओढत होते, पण भाच्यासाठी लावलेले चाइल्ड लॉक काढायचे राहून गेले होते. पट्ट्यात लोंबकळत असताना दारावरचे कुलूप उघडण्याचे बटण मला आठवायलाच दोनतीन मिनिटे लागली. ते दाबताच बाहेरच्यांनी मागचे दार उघडले. धडकेनंतर कुलुपे आपोआप उघडतात असे विक्रेत्याने सांगितले होते. मग ती का उघडली नाहीत? आणि आपोआप कुलूप लागणे बंदच करून टाकावे का?

पानाहातोडी : दादा, तुमची एअरबॅग उघडली नव्हती ना? मग कुलुपे उघडली नाहीत यात बिघाड काहीच नाही. बहुतेक गाड्यांत एअरबॅग उघडल्यावर तिचा नियंत्रक दारांच्या नियंत्रकाला निरोप धाडतो आणि मग मोटरी कुलुपे उघडतात. हळूच घसरून कलंडलेल्या गाडीत तेवढा धक्का बसत नाही, त्यामुळे निरोपच जात नाही. निरोप गेला तरी बॅटरीची तार तुटली असेल तर मोटर फिरणार नाही, आणि पत्रा चेपून दार अडकले असेल तर कुलूप उघडूनही उपयोग नाही. चाइल्ड लॉक मात्र बहुतेक गाड्यांत दाराच्या कडेची साधी कळ असते, त्याला विजेचा कोणताच निरोप पोहोचत नाही. ते आतला खटका निकामी करते, बाहेरचा नाही. म्हणूनच बटण दाबल्यावर गावकऱ्यांना दार उघडता आले.

मीनल_ठाणे : बापरे. वडील सुखरूप ना?

घाटवाटा : हो ताई, खांद्याला मुका मार लागला होता, एवढेच.

स्पष्टवक्ता : कुलूप लागणे कधीही बंद करू नये, कारण कुलूप नसेल तर धडकेत दार सताड उघडते आणि माणूस बाहेर फेकला जातो.

पानाहातोडी : अर्धे बरोबर आहे. दार मिटलेले ठेवण्याचे काम लॅचचे असते आणि ते कुलूप नसतानाही पकड घेऊन असते. कुलूप फक्त खटक्याचा लॅचशी असलेला संबंध तोडते. गाडी कोलांट्या खात असताना खटका कशात अडकून ओढला जाऊ नये, इतका फायदा कुलुपाचा नक्कीच आहे. आत राहण्यासाठी भरवसा पट्ट्याचा.

मीनल_ठाणे : आमच्या ह्युंदाईच्या स्वयंचलित गाडीत मी हे बदलले आहे. गाडी उभी करून स्टिअरिंगवरच्या बटणांनी `User Settings` मध्ये `Door` उघडले, तर `Auto Lock` आणि `Auto Unlock` असे दोन वेगळे पर्याय दिसले. पहिल्यात ताशी सुमारे १५ किलोमीटरला कुलूप लागावे, गिअर टाकताच लागावे की लागूच नये हे ठरवता येते. मी वेगाचा पर्याय ठेवला आणि दुसऱ्यात गिअर `P` वर नेताच सगळी दारे उघडतील असे केले, कारण सासूबाई मागे अडकून काच वाजवत बसायच्या. धडकेनंतर कुलूप उघडण्याचा पर्याय या यादीत नाही.

चिंचेचे_झाड : माझी किल्ली पेट्रोल पंपावर गाडीतच राहिली आणि दारे लागली. तेही याच सेटिंगमुळे का?

पानाहातोडी : नाही काका, गाडी उभी होती, त्यामुळे वेगाच्या कुलुपाचा इथे संबंध नाही.

नाशिकचा_द्राक्षवाला : माझ्या जुन्या गाडीला सेंट्रल लॉक दुकानातून बसवून घेतले होते. त्याला एअरबॅगच्या नियंत्रकाची तार जोडलेलीच नाही हे मला वायरमनने दाखवले, म्हणजे धडकेत ते उघडण्याचा प्रश्नच येत नाही.

घाटवाटा : आज पार्किंगमध्ये तपासून पाहिले. कुलूप लावून आतून खटका ओढला, तर पुढचे दार एकदा ओढताच उघडले. मागच्या दारांना मात्र आधी कुलपाचा बारीक खुंटा उचलावा लागतो. वडिलांना हे त्या दिवशी ठाऊकच नव्हते. चाइल्ड लॉकमुळे खुंटा उचलूनही त्यांना आतून दार उघडता आले नसते, पण बाहेरच्यांना मात्र आले असते.

पानाहातोडी : वीज नसताना सेंट्रल लॉक हाताने उघडण्याची सोय १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना बंधनकारक आहे. तो खुंटा घरातल्या प्रत्येकाला एकदा हाताने उचलायला लावा.

मीनल_ठाणे : आणि चाइल्ड लॉक? माझा मुलगा चार वर्षांचा आहे, म्हणून दोन्ही बाजूंचे लावलेले असते.

नाशिकचा_द्राक्षवाला : आम्ही मूल बसते त्याच बाजूचे लावतो आणि दुसऱ्या बाजूला मोठे माणूस बसवतो.

मीनल_ठाणे : आमच्याकडे मागे बहुतेक वेळा तो एकटाच असतो.